ब्लॉकर टाकूनही तिकीट हलत नाही: फायरवॉलवर अडकलेल्या कामाची कॉमेंट कशी लिहावी

लक्षण ओळखीचं आहे. नव्या ॲप सर्व्हरवरून टेस्ट डेटाबेसला कनेक्शन मिळत नाही. जिरामध्ये तिकिटाला फ्लॅग लावलेला आहे आणि खाली कॉमेंट आहे:

> ब्लॉक्ड. डीबी कनेक्ट होत नाहीये. नेटवर्क टीमने कृपया लवकरात लवकर बघावं.

रोजच्या स्टँडअपमध्ये "नेटवर्ककडे पेंडिंग आहे" एवढं सांगून पुढच्या माणसाचा नंबर येतो. नेटवर्कवाल्यांना विचारलं तर म्हणतात, "आमच्याकडे असं काही आलंच नाही." दोघंही खरंच बोलत असतात. कॉमेंट लिहिली गेली, पण ती कोणा एकाला उद्देशून नव्हती. चुकून एखाद्या नेटवर्क इंजिनिअरने ती उघडलीच, तरी त्याला करण्यासारखं त्यात काही सापडत नाही. कुठून, कुठे, कोणता पोर्ट, किती दिवसांसाठी, डेटाबेसच्या मालकाने हो म्हटलंय का, हे सगळं त्यालाच विचारावं लागणार. शिफ्टमधल्या माणसाने एक प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं, या गतीने घोंगडं आठवडाभर सहज भिजत पडतं.

खाली हेच एक उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. ॲप सर्व्हर `app-test-03`, त्याचा पत्ता 10.20.4.17. डेटाबेस सर्व्हर `pg-test-01`, पत्ता 10.30.8.12, त्यावर पोस्टग्रेस, पोर्ट 5432.

आधी ठरवा: किल्ली नक्की कोणाकडे आहे

"डीबी कनेक्ट होत नाही" या एका वाक्यामागे निदान चार वेगळी दुखणी असू शकतात, आणि प्रत्येकाचा वैद्य वेगळा. चुकीच्या माणसाला टॅग केलं की तो प्रामाणिकपणे तपासतो, "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे" लिहितो, आणि टोलवाटोलवी सुरू होते. म्हणून कॉमेंट लिहिण्याआधी ॲप सर्व्हरवर जाऊन ही एक कमांड चालवा:

```
nc -vz -w 5 10.30.8.12 5432
```

पाच सेकंद थांबून `timed out` आलं, तर बहुतेक वेळा मधला फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतोय. हे नेटवर्कचं काम. लगेच, क्षणात `Connection refused` आलं, तर आपलं पॅकेट सहसा पलीकडच्या मशीनपर्यंत पोचलेलं असतं, पण त्या पत्त्यावर त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. हे डेटाबेस सांभाळणाऱ्याचं काम. `succeeded` आलं, तर नेटवर्कला हात लावायचं कारणच नाही. पुढे `psql` ने प्रयत्न करून पोस्टग्रेस काय म्हणतो ते बघा. `no pg_hba.conf entry for host` म्हणत असेल तर आपला पत्ता डीबीएच्या परवानगी यादीत नाही. `password authentication failed` असेल तर युजर किंवा पासवर्डचा घोळ आहे, आणि तो कित्येकदा आपल्याच कॉन्फिगमध्ये सापडतो.

ॲपच्या लॉगमध्ये पत्त्याऐवजी नाव वापरलं असेल आणि `could not translate host name` दिसत असेल, तर दुखणं डीएनएसचं आहे. तिथे फायरवॉलची विनंती करण्यात काही अर्थ नाही, कारण पॅकेट निघालेलंच नाही.

एक पळवाट लक्षात ठेवा. काही फायरवॉल पॅकेट नुसतं टाकून न देता नकार परत पाठवतात. त्यामुळे `refused` दिसलं म्हणजे दर वेळी डेटाबेसच दोषी असं नाही. शंका असेल तर डीबीएला त्या मशीनवर `ss -ltn` चालवायला सांगा. यादीत 5432 दिसला आणि तोही बाहेरून पोचता येईल अशा पत्त्यावर, तर नकार मधूनच येतोय.

सगळ्यात जास्त फसगत मात्र कमांड कुठून चालवली यात होते. लॅपटॉपवर व्हीपीएन लावून चाचणी करायची आणि तिचा निकाल कॉमेंटमध्ये टाकायचा, हा प्रकार सर्रास दिसतो. लॅपटॉपचा पत्ता वेगळा, त्याला लागू होणारे नियम वेगळे. तिथून कनेक्शन मिळालं म्हणून सर्व्हरवरून मिळेल असं नाही, आणि उलटही नाही. जो सर्व्हर अडलाय त्याच्यावरूनच कमांड चालली पाहिजे, आणि कॉमेंटमध्ये त्या सर्व्हरचं नाव दिसलं पाहिजे.

समोरच्याला जे टाइप करायचंय तेच द्या

आपल्या उदाहरणात `timed out` आलं असं धरू. म्हणजे नेटवर्क इंजिनिअरला फायरवॉलमध्ये एक नियम घालायचाय. त्या नियमाला जेवढे रकाने असतात तेवढी उत्तरं कॉमेंटमध्ये हवीत: कुठून, कुठे, टीसीपी की यूडीपी, पोर्ट, मुदत. एवढं दिलं की त्याला तुमचं ॲप काय करतं हे समजून घ्यावंच लागत नाही.

"कुठून" या रकान्यात सगळ्यात जास्त चुका होतात. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असली तर कोणता पत्ता बाहेर पडतोय हे अंदाजाने सांगू नका, मशीनलाच विचारा:

```
ip route get 10.30.8.12
```

उत्तरात `src` च्या पुढे जो पत्ता येतो तो तुमच्या मशीनचा खरा निघण्याचा पत्ता. मात्र वाटेत कुठे नॅट असेल तर फायरवॉलला तो पत्ता दिसतच नाही, नॅटचा दिसतो, आणि ते या कमांडला कळत नाही. कुबरनेटिसमधल्या पॉडचंही असंच आहे: पॉडचा पत्ता आज एक, उद्या दुसरा. तिथे एकच पत्ता मागितला तर नियम लागतो, दोन दिवस चालतो आणि पॉड नव्याने सुरू झाला की पुन्हा `timed out`. अशा वेळी पॉड ज्या मार्गाने बाहेर पडतात तो पत्ता किंवा ती पट्टी प्लॅटफॉर्म टीमकडून आधी विचारून घ्या आणि मगच मागणी करा.

"पत्ता नक्की माहीत नाही, सध्या सगळ्यांना उघडून द्या" असं कधीही लिहू नका. सुरक्षा विभाग ते नाकारणारच, आणि नाकारलेल्या विनंतीला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं. उलट परतीच्या वाटेसाठी वेगळा नियम मागायची गरज सहसा नसते. आजकालचे बहुतेक फायरवॉल चालू कनेक्शन लक्षात ठेवतात आणि त्याचं उत्तर आपोआप जाऊ देतात. दोन्ही दिशांनी मागितलं की डेटाबेस ॲप सर्व्हरवर का येणार, हा रास्त प्रश्न मंजुरी देणाऱ्याला पडतो आणि एक दिवस त्यात जातो.

पुरावा म्हणून स्क्रीनशॉट टाकू नका, मजकूर टाका. पत्ता कॉपी करता आला पाहिजे. आणि ज्याने काम खरंच झपाट्याने होतं ती गोष्ट म्हणजे प्रयत्नाची नेमकी वेळ. फायरवॉल अडवलेल्या पॅकेटची नोंद ठेवत असेल, तर इंजिनिअरला ती एका मिनिटात शोधता येते, फक्त कुठे शोधायचं हे कळलं पाहिजे. लॉग बऱ्याच ठिकाणी यूटीसीमध्ये असतात, म्हणून दोन्ही वेळा लिहा: भारतीय वेळ 14:32 म्हणजे यूटीसी 09:02. साडेपाच तासांचा हा हिशेब तुम्ही करून दिला नाही तर "लॉगमध्ये काहीच नाही" असं उत्तर यायची दाट शक्यता.

पासवर्ड, टोकन, पूर्ण कनेक्शन स्ट्रिंग हे मात्र कॉमेंटमध्ये कधीच नको. तिकीट किती जण वाचतात याचा आपल्याला पत्ता नसतो, आणि कॉमेंट पुसली तरी मेलमधून गेलेली प्रत पुसली जात नाही.

तारीख मागून पुढे मोजा

"लवकरात लवकर" ही तारीख नाही. "दिवसअखेर" हीसुद्धा नाही. कोणाचा दिवस सहाला संपतो, कोणाचा रात्री अकराला सुरू होतो. पण नुसती तारीख घालूनही भागत नाही, कारण लोक आपली डेडलाइन लिहितात. समोरच्याला त्याचं काम कधीपर्यंत करायचंय ते लिहीत नाहीत.

आपल्या उदाहरणात ग्राहकाची यूएटी सोमवार 23 मार्च 2026 ला सुरू व्हायची आहे आणि आज शुक्रवार, 13 मार्च आहे. वरवर पाहता दहा दिवस हातात आहेत, म्हणून कॉमेंटमध्ये "23 तारखेच्या आधी" असं जातं. आता मागून मोजू. यूएटीआधी आपल्याला कामाचे दोन दिवस चाचणी करायचीय. शनिवार-रविवार सोडले तर ते गुरुवार आणि शुक्रवार झाले असते. पण गुरुवार 19 मार्चला गुढीपाडवा आहे. म्हणून चाचणीचे दिवस बुधवार 18 आणि शुक्रवार 20. कनेक्शन बुधवारी सकाळी चालू हवं.

या कंपनीत फायरवॉलचे बदल मंगळवार आणि गुरुवारच्या रात्रीच होतात असं धरू. गुरुवारचा तर उपयोगच नाही, उरला मंगळवार 17. त्या रात्रीची यादी मंगळवारी दुपारी 12 ला बंद होते, आणि सुरक्षा विभागाला तपासायला कामाचा एक दिवस लागतो. म्हणजे विनंती त्यांच्याकडे सोमवार 16 मार्चच्या दुपारी 12 पर्यंत पोचली पाहिजे. दहा दिवस वाटत होते, प्रत्यक्षात आजची उरलेली दुपार आणि सोमवारची सकाळ आहे. कॉमेंटमध्ये लिहायची वेळ ही: सोमवार, दुपारी 12. तिचं कारण म्हणून बदलाची रात्र आणि यूएटीची तारीख मागोमाग सांगायची, म्हणजे वेळ हवेतून काढलेली वाटत नाही.

हे मोजण्यासाठी समोरच्या टीमच्या बदलाच्या रात्री आणि यादी बंद व्हायची वेळ माहीत असावी लागते. माहीत नसेल तर ब्लॉकर टाकण्याआधी फोन करून तेवढं विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

टीम परदेशात असेल तर दोन्हीकडची वेळ लिहा आणि घड्याळबदल तपासा. जर्मनी 29 मार्च 2026 पर्यंत आपल्या साडेचार तास मागे आहे, त्यानंतर साडेतीन. आपले दुपारी 12 म्हणजे तिथे सकाळचे साडेसात. तेव्हा ऑफिसात कोणी आलेलं नसतं, म्हणून त्यांच्यासाठी खरी मुदत आदल्या कामाच्या दिवसाची संध्याकाळ होते. आणि पाडव्याची सुट्टी त्यांच्या कॅलेंडरवर नसते, ती कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहावी लागते.

पूर्ण कॉमेंट

टॅग एकाच माणसाला, नावाने. बाकीच्यांना वॉचर करा. चौघांना टॅग केलं की प्रत्येक जण बाकीच्या तिघांवर सोडतो. माणूस निवडताना पदाकडे बघू नका. विनंती पुढे ढकलण्याचा अधिकार आज कोणाकडे आहे तेवढंच बघा. इथे तो नेटवर्क लीडकडे आहे. नियम प्रत्यक्षात घालणारा इंजिनिअर वेगळा असेल, पण मंजुरीशिवाय तो काहीच करू शकत नाही.

> @नेटवर्क-लीड, खालचा एक फायरवॉल नियम मंगळवार 17 मार्चच्या रात्रीच्या यादीत यावा, यासाठी सोमवार 16 मार्च, दुपारी 12 पर्यंत तो तुमच्याकडून सुरक्षा विभागाकडे मंजुरीला पाठवावा ही विनंती.
>
> कुठून: app-test-03, 10.20.4.17, वाटेत नॅट नाही
> कुठे: pg-test-01, 10.30.8.12
> काय: टीसीपी, पोर्ट 5432, फक्त ॲपकडून डेटाबेसकडे
> मुदत: 30 एप्रिल 2026 पर्यंत, नंतर काढून टाकावा
> संमती: डेटाबेसच्या मालकांची लेखी संमती या तिकिटाला जोडली आहे
>
> तपासणी: आज 13 मार्च, 14:32 वाजता (यूटीसी 09:02) app-test-03 वरून `nc -vz -w 5 10.30.8.12 5432` चालवलं, `timed out` आलं.
>
> मंगळवारी न झाल्यास: गुरुवारी पाडवा असल्याने पुढची रात्र मंगळवार 24 मार्चची, तर यूएटी 23 ला सुरू होते. तोवर लोकल डेटाबेसवर काम चालू आहे, फक्त एकत्रित चाचणी थांबली आहे.
>
> नियम लागल्यावर बुधवारी सकाळी 9:30 ला तपासून इथेच कळवते. सोमवारी 12 पर्यंत जमणार नसेल तर तेवढं कळवा, म्हणजे यूएटीची तारीख त्याच दिवशी बोलून घेता येईल.

यातलं पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मेलच्या नोटिफिकेशनमध्ये किंवा मोबाइलवर फक्त वरच्या दोन ओळी दिसतात, म्हणून काय हवं आणि कधीपर्यंत हे तिथेच आलं पाहिजे. नमस्कार, पार्श्वभूमी, "आपण मागे बोललो होतो त्याप्रमाणे" हे सगळं वर आलं की मागणी खाली ढकलली जाते. आदर विनंतीच्या भाषेत दिसतोच, त्यासाठी परिच्छेद लागत नाही.

"लोकल डेटाबेसवर काम चालू आहे" ही ओळ बरेच जण मुद्दाम गाळतात. सगळंच ठप्प आहे असं दाखवलं तर काम लवकर होईल असं वाटतं. एकदा होतं. पुढच्या वेळी तुमचा ब्लॉकर खरा असला तरी नेटवर्क लीड तो शेवटी उघडतो.

तरीही हलत नसेल तर

येणाऱ्या उत्तरावरून कुठे अडलंय ते कळतं. "फॉर्म भरा" असं आलं तर मागणी मान्य आहे, मार्ग चुकला. फॉर्म भरून त्याचा क्रमांक त्याच धाग्यात टाका आणि मुदत बदलत नाही हे लिहा. "बघतो" असं आलं तर ते उत्तर धरू नका. "सोमवारी 12 पर्यंत सुरक्षा विभागाकडे जाईल असं धरून चालू का?" हा हो-नाहीचा प्रश्न तिथेच विचारा. काहीच आलं नाही, तर मुदतीच्या दोन-अडीच तास आधी फोन करा, मुदत उलटल्यावर नाही. 12 ची मुदत असताना 12:30 ला केलेल्या फोनवर फक्त दिलगिरी मिळते. साडेनऊला केलेल्या फोनवर काम होऊ शकतं. फोनवर जे ठरलं ते एका ओळीत तिकिटावर नोंदवा.

मागणीत काही बदललं, समजा पत्ता चुकीचा निघाला, तर जुनी कॉमेंट गुपचूप एडिट करू नका. ज्याने आधीचा मजकूर वाचून नियम तयार केलाय त्याला बदल दिसेलच असं नाही. नवी कॉमेंट, पहिल्याच ओळीत "पत्ता बदलला: 10.20.4.17 ऐवजी 10.20.4.18".

"उघडलंय" म्हणाले, तरी चालत नाही

बुधवारी सकाळी नेटवर्ककडून "नियम लागला आहे" अशी कॉमेंट आलेली असते, ॲप मात्र अजूनही रडतंय. इथे "अजूनही चालत नाही" असं लिहिलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तीच कमांड, त्याच सर्व्हरवरून पुन्हा चालवा आणि उत्तर बदललंय का बघा.

```
nc: connect to 10.30.8.12 port 5432 (tcp) failed: Connection refused
```

काल पाच सेकंद थांबून `timed out` येत होतं, आज लगेच `refused` आलं. ॲपच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, पण ब्लॉकरच्या दृष्टीने पहिला अडथळा बहुधा दूर झालाय. पोस्टग्रेसमध्ये `listen_addresses` मूळचं `localhost` असतं; नव्याने बसवलेल्या सर्व्हरवर ते बदलायचं राहिलं की तो फक्त स्वतःच्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमांचं ऐकतो. डीबीएला `ss -ltn` चालवायला सांगा. तिथे `127.0.0.1:5432` एवढंच दिसलं तर निदान पक्कं.

आता नेटवर्क लीडला त्या धाग्यातून मोकळं करा. "नियम लागला, पॅकेट पोचतंय, तुमच्याकडून काही बाकी नाही" एवढं लिहा आणि डीबीएसाठी वेगळी, नवी ब्लॉकर कॉमेंट टाका. जुन्याच धाग्यात खाली जोडलं तर दोघंही समजतात की काम दुसऱ्याकडे आहे.

डीबीएची मुदत मोजताना एक गोष्ट बघा. `pg_hba.conf` मध्ये एक ओळ वाढवायची असेल तर नुसतं रीलोड पुरतं, चालू कनेक्शनांना धक्का लागत नाही, म्हणून त्याच दुपारची वेळ मागता येते. `listen_addresses` बदलायचं असेल तर पोस्टग्रेस रीस्टार्ट करावा लागतो आणि त्या सर्व्हरवर काम करणाऱ्या सगळ्या टीमांची कनेक्शनं तुटतात. ते भरदिवसा मागितलं तर नकार येणार. दोन्ही बदल लागणार असतील तर एकाच कॉमेंटमध्ये मागा, म्हणजे एकाच रीस्टार्टमध्ये उरकतील:

> @डीबीए, pg-test-01 वर आज बुधवार 18 मार्च, दुपारी 1:30 ते 2 या वेळेत दोन बदल आणि एक रीस्टार्ट हवा आहे. `listen_addresses` मध्ये 10.30.8.12 वाढवणं, आणि `pg_hba.conf` मध्ये खालची ओळ. या सर्व्हरवरच्या बाकी दोन टीमांना जेवणाच्या सुट्टीत रीस्टार्ट चालेल असं त्यांनी याच तिकिटावर लिहिलं आहे. वेळ सोयीची नसेल तर सकाळी 11:30 पर्यंत दुसरी सुचवा, म्हणजे त्यांना पुन्हा विचारता येईल.

```
host  orders  ordersvc  10.20.4.17/32  scram-sha-256
```

बाकीच्या टीमांची संमती आधी घेऊन ठेवल्यामुळे डीबीएला कोणाला विचारत फिरावं लागत नाही. ती घेतली नसती तर बुधवारचा चाचणीचा दिवस तिथेच गेला असता. रीस्टार्टनंतर `nc` ने `succeeded` दिलं आणि `psql` ने लॉगिन झालं, की दोन्ही कॉमेंटखाली वेळेसह नोंद करा आणि फ्लॅग त्याच मिनिटाला काढा. सुटलेल्या कामावर लटकत राहिलेला फ्लॅग बघून नेटवर्क लीड दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच तिकीट उघडून बसतो.